गट सादरीकरणात टाइमकीपर, सूत्रसंचालक आणि प्रश्न सांभाळणारा कसे नेमावेत

गटाने मिळून सादरीकरण करायचे ठरले, की पहिल्या बैठकीत कोणता भाग कोण बोलणार एवढेच बहुधा ठरते. वेळ कोण पाहणार हा विषय निघाला तर कोणीतरी "मी बघतो" म्हणतो आणि प्रश्नांचा विषय निघाला तर "आले की बघू" असे म्हणून बैठक संपते. प्रत्यक्ष दिवशी मात्र ज्याने वेळ पाहण्याचे कबूल केले होते तोच नेमका बोलायला उभा असतो आणि पहिला प्रश्न येताच पाचही जण एकमेकांकडे पाहतात. असे घडते, कारण भूमिका वाटताना केवळ नाव घातलेले असते. त्या विशिष्ट मिनिटाला तो माणूस मोकळा आहे का आणि निर्णय घेण्याचा अधिकार त्याला दिला आहे का, हे तपासलेले नसते. म्हणून या लेखात आधी मिनिटांचा तक्ता आणि मग त्या तक्त्यातल्या मोकळ्या जागा पाहून भूमिका, असा क्रम ठेवला आहे.

तीन भूमिकांची कामे प्रथम वेगळी करून घ्यावीत. टाइमकीपर घड्याळ पाहतो आणि खुणा देतो, पण काय गाळायचे ते ठरवत नाही. सूत्रसंचालक सुरुवात व समारोप करतो, एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे सूत्रे सोपवतो आणि वेळ घसरली तर काय गाळायचे हा निर्णय तोच घेतो. प्रश्न सांभाळणारा प्रत्येक प्रश्न ऐकून तो योग्य सदस्याकडे देतो, मात्र सगळी उत्तरे स्वतः देणे हे त्याचे काम नाही. ही शेवटची गोष्ट नवख्या गटांच्या लक्षात येत नाही, आणि त्यामुळे सर्वांत जास्त बोलणाऱ्या सदस्याला हे काम दिले जाते. माझ्या मते ती सर्वांत मोठी चूक आहे, कारण असा सदस्य प्रश्न पुढे देण्याऐवजी स्वतःच उत्तर देऊ लागतो आणि उरलेले चार जण शोभेपुरते उभे राहतात.

पहिली पायरी: मिनिटांचा तक्ता

समजा, पाच जणांचा गट आहे आणि त्यांनी एका ग्रंथालयाच्या वापराची पाहणी केली आहे. सादरीकरणासाठी १५ मिनिटे आणि प्रश्नांसाठी ५ मिनिटे मिळणार आहेत. रूपरेषा पक्की झाल्यावर, पण कोणी आपला मजकूर लिहायला घेण्यापूर्वी, गटाने पुढीलप्रमाणे तक्ता करावा. येथील आकडे प्रत्येकाला किती मिनिटे मिळाली ते दाखवत नाहीत, तर सुरुवातीपासून घड्याळ किती पुढे गेले असेल ते दाखवतात.

- प्रस्तावना (सूत्रसंचालिका): ०:०० ते १:००
- पार्श्वभूमी: १:१० ते ३:४०
- पाहणीची पद्धत: ३:५० ते ६:५०
- निष्कर्ष: ७:०० ते ११:००
- शिफारशी: ११:१० ते १३:१०
- समारोप (सूत्रसंचालिका): १३:२० ते १३:५०

दोन भागांमध्ये सोडलेले १० सेकंद म्हणजे माणसांनी जागा बदलण्याचा आणि सूत्रसंचालिकेच्या एका वाक्याचा वेळ. असे पाच बदल आहेत, म्हणजे ५० सेकंद केवळ ये-जा करण्यात जातात. घरी एकट्याने सराव करताना हा वेळ कधीच मोजला जात नाही, आणि म्हणून "आम्ही तर बरोबर १५ मिनिटांचे बसवले होते" असे म्हणणारे गट प्रत्यक्षात १६ मिनिटांवर जातात. तक्ता १३:५० ला संपतो, म्हणजे हाताशी १ मिनिट १० सेकंद उरतात. ती शिल्लक कोणत्याही वक्त्याला वाटून टाकू नये. ती सूत्रसंचालिकेच्या ताब्यात राहावी.

सुरुवातीपासूनचे आकडे लिहिण्याचे कारणही सांगायला हवे. "तुला चार मिनिटे आहेत" असे ठरवले तर प्रत्येकाचे घड्याळ स्वतःपासून सुरू होते आणि आधीच्या वक्त्याने लावलेला उशीर कोणाच्याच हिशेबात येत नाही. "तू अकराव्या मिनिटाला संपवायचे आहेस" असे ठरवले, तर उशीर कोणत्याही क्षणी एका वजाबाकीत कळतो.

दुसरी पायरी: तक्त्यातून माणसे शोधणे

आता टाइमकीपर कोण, हे तक्त्याकडे पाहून ठरवता येते. सूत्रसंचालिकेकडे घड्याळ देऊ नये. तिला पुढच्या वक्त्याची ओळख आणि श्रोत्यांचे चेहरे यांकडे लक्ष द्यायचे असते, आणि खूण देणारा व निर्णय घेणारा वेगळे असले की दोघांपैकी एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येते. ज्याचे बोलणे शेवटी आहे त्यालाही शक्यतो हे काम देऊ नये, कारण आपली पाळी जवळ आली की माणूस मनातल्या मनात आपली वाक्ये घोळवू लागतो आणि घड्याळावरचे लक्ष उडते. ज्याचे बोलणे लवकर आटोपते तोच येथे योग्य. आपल्या उदाहरणात पार्श्वभूमी मांडणारा ३:४० ला मोकळा होतो, म्हणून टाइमकीपर तो.

मग पहिली ३ मिनिटे ४० सेकंद कोण पाहणार? शिफारशी मांडणारी. तिची पाळी अजून बरीच लांब असते. सूत्रसंचालिकेने पहिला शब्द उच्चारताच ती फोनवरचे स्टॉपवॉच सुरू करते आणि पार्श्वभूमी मांडणारा परत जागेवर आला की चालू घड्याळ त्याच्या हातात देते. हे हस्तांतर तक्त्यावर लिहून ठेवावे आणि सरावातही करून पाहावे. एका सादरीकरणात आमच्या गटाने ते लिहिले नव्हते. मी माझा भाग संपवून बसलो तेव्हा घड्याळ दुसऱ्याकडे आहे असे मला वाटत होते आणि दुसऱ्याला ते माझ्याकडे आहे असे वाटत होते. पुढची सहा-सात मिनिटे आमचे घड्याळ कोणीच पाहत नव्हते, आणि ते आम्हाला थांबवण्यात आले तेव्हाच कळले.

प्रश्न सांभाळण्यासाठी दोन निकष लावावेत. त्या सदस्याला सर्वांचे भाग ठाऊक असावेत, आणि बहुतेक प्रश्न त्याच्या स्वतःच्या भागावर येण्याची शक्यता नसावी. निष्कर्ष मांडणाऱ्यावर सर्वाधिक प्रश्न येतात, त्यामुळे तो बाद. येथे पाहणीची पद्धत सांगणारी सदस्या योग्य ठरते. ती ६:५० ला मोकळी होते, आणि आपल्या पाहणीतून काय सांगता येते व काय सांगता येत नाही हे तिलाच सर्वांत स्पष्ट माहीत असते. उरलेल्या वेळात ती कागद-पेन घेऊन बसते आणि कोणत्या स्लाइडवर श्रोते कुजबुजले, कोणी काय टिपून घेतले, याची नोंद करते. प्रश्न बहुधा तेथूनच येतात.

सूत्रसंचालिकेची निवड करताना आवाजापेक्षा एक वेगळी गोष्ट पाहावी, ती म्हणजे मित्राचे बोलणे आवरते घ्यायला लावण्याची तिची तयारी. ज्याला संकोच वाटतो त्याच्याकडे हे काम दिले तर अधिकार कागदावरच राहतो.

तिसरी पायरी: खुणा ठरवणे

टाइमकीपरकडे तीन कार्डे पुरतात. ए-४ कागदाच्या निम्म्या आकाराची जाड कार्डे घ्यावीत आणि त्यांवर ठळक मार्करने "१ मिनिट", "३० सेकंद" आणि "थांबा" असे लिहावे. केवळ हिरवा, पिवळा आणि लाल रंग वापरू नयेत, कारण काही व्यक्तींना लाल व हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. तसेच घाईत लाल कार्डाचा अर्थ "संपले" की "संपत आले" हेही वक्त्याला आठवत नाही.

टाइमकीपरने कोठे बसावे, यावर सारे अवलंबून आहे. गटातील सगळे जण वक्त्याच्या मागे रांगेत उभे राहतात आणि टाइमकीपरही त्यांच्यातच उभा राहतो, तेव्हा त्याचे कार्ड वक्त्याखेरीज सर्वांना दिसते. त्याने श्रोत्यांत, पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत, वक्त्याची नजर सहज जाईल अशा जागी बसावे. सर्वांनी मंचावरच थांबावे असा नियम असेल, तर फोन वक्त्यासमोरच्या टेबलावर स्टॉपवॉच चालू ठेवून उभा करावा. त्यासाठी स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोय थांबवावी आणि फोन विमान मोडवर टाकावा, म्हणजे ऐन वेळी कॉल येणार नाही.

कार्ड दाखवल्यावर वक्त्याने किंचित मान हलवावी आणि ती हलेपर्यंत टाइमकीपरने कार्ड खाली घेऊ नये. ही लहानशी रीत पाळली नाही, तर "मी दाखवले होते" आणि "मला दिसलेच नाही" हा वाद हमखास होतो.

कार्ड वक्त्यासाठी असते. सूत्रसंचालिकेला मात्र वेगळी माहिती हवी असते. आपण तक्त्याच्या किती मागे आहोत, हे तिला कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक भाग संपला की टाइमकीपर एका चिठ्ठीवर "+२०" किंवा "+६०" असा सेकंदांचा आकडा लिहून तिला दाखवतो. तेवढे पुरे.

चौथी पायरी: गाळण्याचे आधीच ठरवणे

वेळ घसरल्यावर नवखे वक्ते भराभर बोलू लागतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण त्यातून फार थोडे सेकंद वाचतात आणि ऐकणाऱ्यांना काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक वक्त्याने आपल्या भागातील एक स्लाइड किंवा एक उदाहरण "गाळता येईल" अशी खूण करून ठेवावी आणि ते गाळल्यास किती सेकंद वाचतात तेही तक्त्यावर लिहावे. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना हव्या त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून `Enter` दाबले, की थेट त्या स्लाइडवर जाता येते. त्यामुळे गाळलेली स्लाइड श्रोत्यांना ओझरतीही दिसत नाही. अर्थात, त्यासाठी क्रमांक तक्त्यावर लिहिलेले असले पाहिजेत.

आता आपल्या गटाच्या रंगीत तालमीत काय झाले असेल ते पाहू. पहिले तीन भाग वेळेत झाले, पण निष्कर्ष मांडणारा एका आलेखावर रेंगाळला आणि त्याने ४ मिनिटांऐवजी ५ मिनिटे २० सेकंद घेतली. घड्याळात ११:०० ऐवजी १२:२० झाले. टाइमकीपरने "+८०" लिहिलेली चिठ्ठी वर केली. काहीच गाळले नाही तर समारोप १५:१० ला संपणार, म्हणजे हातची शिल्लक पूर्ण वापरूनही १० सेकंद जास्त. शिफारशींच्या भागात एक स्लाइड गाळण्याजोगी होती आणि तिचे ४० सेकंद होते. समारोपही अर्ध्या मिनिटावरून १५ सेकंदांवर आणता येत होता. सूत्रसंचालिकेने सूत्रे सोपवताना नेहमीच्या वाक्याऐवजी "आता थेट मुख्य शिफारशींकडे वळू या" असे म्हटले. गटाने आधी ठरवल्याप्रमाणे या वाक्यातील "थेट" या शब्दाचा अर्थ "खूण केलेली स्लाइड गाळ" असा होता. श्रोत्यांना काहीही जाणवले नाही, शिफारशी मांडणारीने ती स्लाइड ओलांडली आणि समारोप १४:१५ ला संपला.

असा एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवणे फार उपयोगाचे असते, कारण त्यामुळे "वेळ कमी असल्यामुळे हे मी सोडून देते" हे वाक्य टाळता येते. ते वाक्य ऐकताच श्रोत्यांचे लक्ष सोडून दिलेल्या गोष्टीकडेच जाते आणि प्रश्नही तिच्यावरच येतो.

पाचवी पायरी: प्रश्नांची वाटणी

सादरीकरणाच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येक सदस्याने स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्यांच्या भागांवर दोन-तीन प्रश्न लिहावेत. आपल्या भागातील कच्चे दुवे आपल्याला दिसत नाहीत, शेजाऱ्याला दिसतात. त्यांतून दहा-बारा प्रश्न निवडून प्रश्न सांभाळणारीने एका पानावर उतरवावेत आणि प्रत्येकापुढे दोन नावे लिहावीत, एक उत्तर देणाऱ्याचे आणि दुसरे गरज पडल्यास भर घालणाऱ्याचे. तिसरे नाव लिहू नये. एका प्रश्नावर तिसरा सदस्य बोलू लागला, की पहिल्या दोघांची उत्तरे अपुरी होती असा अर्थ श्रोते काढतात.

प्रत्यक्षात प्रश्न आला, की प्रश्न सांभाळणारीने तो पूर्ण ऐकावा, एका वाक्यात मोठ्याने पुन्हा सांगावा आणि मग नाव घ्यावे. उदाहरणार्थ, "नमुना केवळ सायंकाळच्या वाचकांचा का घेतला, असा आपला प्रश्न आहे. याचे उत्तर मीच देते." किंवा "शिफारशींचा खर्च किती येईल, असे आपण विचारत आहात. हा भाग आमच्या सहकारी सांगतील." प्रश्न पुन्हा सांगितल्याने मागे बसलेल्यांना तो ऐकू येतो, विचारणाऱ्याला "नाही, माझा रोख वेगळा आहे" असे म्हणण्याची संधी मिळते आणि उत्तर देणाऱ्याला विचार करायला आठ-दहा सेकंद मिळतात. एकाच वेळी दोन-तीन प्रश्न विचारले गेले, तर ते वेगळे करून सांगावेत आणि एकेकाला एकेक द्यावेत. कोणाच्याच अखत्यारीत नसलेला प्रश्न आला तर तो इकडून तिकडे फिरवत बसू नये. "हे आमच्या पाहणीत तपासलेले नाही" असे प्रश्न सांभाळणारीनेच स्पष्ट सांगावे, आणि काय तपासले आहे ते एका वाक्यात जोडावे. मात्र परीक्षकाने एखाद्या सदस्याकडे पाहून थेट त्यालाच प्रश्न विचारला, तर मध्ये पडू नये.

येथेही घड्याळ चालूच असते. प्रश्न विचारायला २० सेकंद, तो पुन्हा सांगायला १० सेकंद आणि उत्तराला एक मिनिट धरले, तर ५ मिनिटांत जेमतेम तीन प्रश्न होतात. म्हणून दुसरे उत्तर संपताच, म्हणजे सुमारे तिसऱ्या मिनिटाला, टाइमकीपरने सूत्रसंचालिकेला खूण करावी आणि तिने "एक शेवटचा प्रश्न घेऊ या" असे जाहीर करावे. कोणीच प्रश्न विचारला नाही, तर पाचेक सेकंद शांत थांबून सूत्रसंचालिकेने आधी ठरवलेला एक प्रश्न निष्कर्ष मांडणाऱ्याला विचारावा. त्यानंतर श्रोत्यांतूनही बहुधा एखादा हात वर होतो.

वाटणी कच्ची राहिली आहे हे तालमीतच ओळखता येते. प्रश्नानंतर तीन सेकंदांहून अधिक शांतता पसरली आणि सदस्य एकमेकांकडे पाहू लागले, तर त्या विषयापुढे नावच लिहिलेले नाही. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली, तर प्रश्न सांभाळणारीने नाव घेण्याआधीच ते उत्तराकडे धावले आहेत. दोन्ही वेळा त्या पानावर दुरुस्ती करून तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहावा.

गट लहान असेल किंवा सादरीकरण ऑनलाइन असेल तर

तीन जणांच्या गटात सूत्रसंचालन आणि प्रश्न सांभाळणे ही कामे एकाकडे देता येतात, कारण ती एकापाठोपाठ येतात. टाइमकीपिंग मात्र फिरते ठेवावे लागते आणि प्रत्येक हस्तांतर तक्त्यावर लिहावे लागते. दोघांच्या गटात टाइमकीपर नेमण्यात अर्थ नाही. टेबलावर चालू स्टॉपवॉच आणि शेजारी तक्ता एवढे पुरते.

ऑनलाइन सादरीकरणात स्क्रीन शेअर करणाऱ्याला चॅट बहुधा दिसत नाही, त्यामुळे चॅटमध्ये "१ मिनिट" लिहून भागत नाही. टाइमकीपरने वक्त्याच्या शेजारी ठेवलेल्या फोनवर संदेश पाठवावा किंवा आपल्या कॅमेऱ्यासमोर कार्ड धरावे, पण यांपैकी जे ठरेल ते वक्त्याला खरोखर दिसते का, हे त्याच यंत्रणेवर आधी करून पाहावे. चॅटमध्ये येणारे प्रश्न प्रश्न सांभाळणाऱ्याने एका बाजूला उतरवून घ्यावेत आणि सारखे प्रश्न एकत्र करून मोठ्याने वाचावेत.

तालमी किमान दोन कराव्यात. पहिलीत केवळ वेळ आणि सूत्रे सोपवणे तपासावे. दुसरीत बाहेरच्या एखाद्याला बसवून त्याच्याकडून तीन प्रश्न विचारून घ्यावेत, आणि निष्कर्ष मांडणाऱ्याने मुद्दाम एक मिनिट जास्त घ्यावे. "थेट" हा शब्द उच्चारला जातो का आणि तो ऐकून ती स्लाइड खरोखर गाळली जाते का, हे तेव्हाच कळेल. तालमीनंतर सुधारलेल्या तक्त्याच्या पाच प्रती काढून प्रत्येकाला एक द्यावी. टाइमकीपरच्या प्रतीवर घड्याळ हाती घेण्याचे मिनिट, सूत्रसंचालिकेच्या प्रतीवर गाळण्याच्या स्लाइडचे क्रमांक आणि प्रश्न सांभाळणारीच्या प्रतीमागे प्रश्नांपुढील नावे ठळक अक्षरांत लिहावीत.